कुसळीची वकिली

पन्नाशीत मी केस काळे करायची आणि अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दोन्हींत सारखाच फाजील आत्मविश्वास. नातवंडं माझे तेव्हाचे फोटो पाहून हसतात ते केसांना. मी हसते त्या फोटोतल्या बाईच्या अहवालाला.

अकोटच्या वरच्या डोंगरउतारांवरच्या वनस्पतींचं वर्गीकरण करायचं होतं. तिथलं गवताळ रान स्वतंत्र अधिवास ठरलं नाही, तर ते सरकारी नकाशात ‘पडीक झुडपी जमीन’ म्हणून जमा होणार आणि त्यावर वनखातं रोपं लावणार. मग मेंढपाळांनी कळप न्यायचे कुठे? म्हणून त्या रानाची ओळख सांगणारी वनस्पती हवी होती. ती इतर अधिवासांत जवळजवळ नसावी आणि आपल्या अधिवासात पाहणीसाठी आखलेल्या बहुतेक चौकटींत सापडावी. दोन्ही गुणांचा गुणाकार जितका मोठा, तितकी ती खात्रीची. मग कॉम्प्युटर चौकटींवरची अधिवासांची नावं पत्त्यांसारखी पुन्हा पुन्हा पिसतो आणि एवढा आकडा नुसत्या योगायोगाने येतो का ते बघतो.

बाईसाहेबांचा, म्हणजे माझा, जीव कुसळीवर. साडीला टोचून घरापर्यंत येणारं गवत, तेच जणू तिचं शिफारसपत्र. ज्या चौकटींत कुसळी दिसली त्या सगळ्या तिने ‘गवताळ रान’ म्हणून एकत्र केल्या आणि गणित चालवलं. कुसळी पैकीच्या पैकी. बाईंनी कॉलेजभर चहा पाजला.

अचलपूरहून एस.टी.ने येणारी माझी तरुण सहकारी चहा प्यायली, कप खाली ठेवला.

“मॅडम, कुसळीवाल्या चौकटी तुमीच एका पिशवीत टाकल्या. अन् आता मशीनले विचारून राहिल्या का कुसळी कोण्या पिशवीत हाय. ते दुसरं काय सांगन?”

मी तिला माझी नोकरी किती वर्षांची ते ऐकवलं. उत्तर नसलं की माणूस सेवाज्येष्ठता काढतो.

तिने चौकटी माती, उतार आणि झाडांच्या सावलीवरून नव्याने वाटल्या. कुसळी रस्त्याकडेला, विरळ सागात, जळक्या माळावर, सगळीकडे हजर निघाली. कुठल्याच घरची नाही. पण पवन्या गवत मोकळ्या उतारांवर बहुतेक चौकटींत होतं, बाहेर क्वचितच. नावं पिसून पाहिली तरी टिकलं. रान वाचण्यासारखं झालं ते पवन्यामुळे. त्याच्याकडे मी धड बघितलंही नव्हतं.

अकोल्याच्या बैठकीत वनखात्याच्या एका अधिकाऱ्याने विचारलं, “कुसळी का नाही घेतली? ती तर मला जिथं तिथं दिसते.”

“म्हणूनच नाही घेतली,” मी म्हणाले. असं, जणू हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक.

त्याने मान हलवली आणि लागवडीच्या नकाशातून ते उतार वगळायला सांगितले. शेजारी बसलेली माझी सहकारी छताच्या पंख्याकडे बघत होती. ओठ मात्र हसू दाबून घट्ट मिटलेले.