दारातल्या बोर्डावरचे दोन शब्द

हिलाल पेंटर चिडला की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवतो. अमळनेरच्या बसस्टँडजवळ ज्यांनी त्याच्याकडून बोर्ड करून घेतलेत, त्यांना हे ठाऊक आहे. चष्मा टेबलावर गेला की शहाण्या माणसाने चहा प्यायला निघून जावं. त्या शनिवारी दुपारी चष्मा टेबलावर नव्हता, जमिनीवर होता, आणि कॉम्प्युटरवर बसणारी सारिका नुसती खाली मान घालून बसली होती.

"माझी फाईल कुणी बदलली?"

"रतिलाल नाना आले होते. तुम्ही जेवायला गेला होतात. मला वाटलं घरचेच आहेत..."

फाईल होती रिसेप्शनच्या प्रवेशद्वारावरच्या बोर्डाची. गेल्या रविवारी तानुबाई स्वतः दुकानात आली होती. पंधरा वर्षं झाली नवरा जाऊन. शेत तिनेच कसलं, पोरीला नर्सिंगला तिनेच घातलं. पोरगी दिपमाला, आणि नवरामुलगा पुण्याचा भूषण. लग्न पुण्यात झालं होतं, आता या शनिवारी, म्हणजे आजच, संध्याकाळी सात वाजता मुलीकडचं रिसेप्शन अमळनेरात. तानुबाई स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, मी काही दारमा उभी ऱ्हावाव नई. लोकं नावं ठेवतस. पण मना शब्द तरी उभा करी दे."

विधवेने शुभकार्यात दारात उभं राहू नये! आजही! हिलाल तेव्हाच भडकला असता, पण त्याला त्याची विधवा आई आठवली. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याची आई दिवसभर आचाऱ्याच्या मंडपामागे पातेली मोजत बसली होती. हळद लावायलासुद्धा पुढे आली नाही. त्यानेही बोलावलं नाही. तीस वर्षं लोकांच्या दारावर 'स्वागत' लिहिणाऱ्या या माणसाला हे जन्मभर टोचतं.

"तुम्ही दारात आलेल्या माणसाला काय म्हणता, अक्का?" त्याने विचारलं.

"काय म्हनसू? उनात, बरं झायं. जेवाबिगर जावानं नई."

आलात, बरं झालं, जेवल्याशिवाय जायचं नाही! हिलालने ते तिच्याच बोलीत तसंच्या तसं लिहून घेतलं. वर अहिराणी, खाली पुण्याच्या पाहुण्यांसाठी मराठी. पण मराठीत तेच पुन्हा नको. एकच गोष्ट दोनदा सांगितली की वाचणारा दुसरी ओळ सोडून देतो. म्हणून खाली लिहिलं, 'तुमच्या येण्याने मांडव भरला. या, बसा.' दोन्हींची लिपी एकच, म्हणून अहिराणी लाल आणि मोठी, मराठी निळी आणि जरा लहान, म्हणजे लांबूनच कळावं की ही दोन बोलणी आहेत. अक्षर तीन इंच, गेटपासून पंचवीस पावलांवरून वाचता यावं. दोन ओळींत मात्रा-उकारांना जागा सोडलेली. शेवटी बारीक अक्षरात दिपमाला आणि भूषण. बस्स. दारात माणूस चपला, लेकरं आणि आहेराचं पाकीट सांभाळत असतो, बोर्डाकडे तीन सेकंद बघतो. त्या तीन सेकंदांत जे जाईल तेच खरं, असं हिलाल सारिकाला दहा वेळा सांगून चुकला होता.

आणि आता स्क्रीनवर काय होतं? वर इंग्रजीत सोनेरी वळणदार वेलकम, खाली 'सुस्वागतम्', आणि त्याखाली 'स्वागतोत्सुक' म्हणून अकरा नावं! पहिलं तानुबाईच्या थोरल्या दिराचं, रतिलाल नानाचं, मग त्याच्या भावांचं, चुलतभावांचं, शेवटी कुठल्या पतसंस्थेच्या संचालकाचं. तानुबाईचं नाव औषधालाही नाही. सोनेरी अक्षरं क्रीम रंगावर, व्हिडिओवाल्याचा लाईट पडला की एक अक्षर दिसणार नाही, ते वेगळंच.

हिलालने नानाला फोन लावला. "नाना, तानुबाईंनी दिलेला मजकूर का काढला?"

"अरे, पुण्याचे पाहुणे येणार. अहिराणी वाचून हसतील ना! गावंढळपणा कशाला?"

"पण त्यांना विचारलं का?"

"तिला काय विचारायचं? ती थोडीच दारात येणार आहे?"

हिलालने फोन ठेवला नाही, आपटला. "मेल्या तोंडाच्या!" तो ओरडला. सारिका रडकुंडीला आली. तिच्यावरही तो तुटून पडला, मग स्वतःवर. "छाप जुनी फाईल!" आणि छापायला जाणार तेवढ्यात लाईट गेली. देखभालीसाठीची शनिवारची लाईटबंदी, चार तासांची. प्रिंटिंग मशीन मुकाट बसलं.

मग त्याने माळ्यावरून जुने ब्रश काढले. चार फुटी प्लायला पांढरा हात मारला, तो वाळला. ऑइल पेंट संध्याकाळपर्यंत वाळला नसता, म्हणून प्लॅस्टिक रंग घेतला. खडूने रेघ ओढून, जीभ दातात धरून त्याने अक्षरं लिहिली. लाल अक्षरांना दोन हात मारले. निघताना ती अजून ओलीच होती.

पावणेसातला तो लॉनच्या दारात बोर्ड स्टँडवर चढवत होता, तोच रतिलाल नाना पांढराशुभ्र जोधपुरी घालून धावत आले.

"हे काय उभं केलंस? उचल!"

"नाही उचलणार. तानुबाईंचं काम आहे, त्यांचाच बोर्ड लागेल."

"कार्यक्रमाचा कर्ता मी आहे!"

"शेत कुणी कसलं, नाना? तुम्ही? पोरीची फी भरायला कोण गेलं? तुम्ही तेव्हा कुठं होतात ते मला सांगाच आज!"

लोक जमले. पुण्याची मंडळी गाडीतून उतरत होती. नानांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी स्टँडवरून बोर्ड ओढला, छातीशी धरला आणि कुठे ठेवावा ते न सुचून तिथेच उभे राहिले.

आवाज ऐकून तानुबाई मागच्या खोलीतून आली. सुती लुगडं, मोकळं कपाळ. तिने रिकामा स्टँड बघितला, नानांकडे बघितलं. काही लोकांनी नजर फिरवली.

"बोर्ड गया ना?" ती म्हणाली. "मंग मी उभी ऱ्हासु."

स्टँड बाजूला सारून ती तिथेच उभी राहिली. एक म्हातारी कुजबुजली, "बाई, हाई काय?" पण तेवढ्यात भूषणची आई समोर आलीच. तानुबाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"उनात, बरं झायं. जेवाबिगर जावानं नई."

पुण्याच्या बाईला शब्द नीट कळले की नाही, देव जाणे. पण ती हसली आणि वाकून पाया पडली. मग रांगच लागली. तानुबाई प्रत्येकाला तेच म्हणत होती आणि नाना मधेच बोर्ड धरून उभे होते. हिलालचा राग अजून तसूभर उतरला नव्हता.

"नाना, बाजूला व्हा. मागच्यांना अक्का दिसत नाहीत."

नानांनी बोर्ड खाली टेकवला. जोधपुरीच्या छातीवर ओल्या रंगाचे लाल पट्टे उमटले होते. मंडळींत हसू फुटलं. ते झटकायला गेले तर रंग आणखी पसरला. तोंड लपवून ते रस्त्याकडे वळले, निघूनच जाणार होते.

तेवढ्यात तानुबाईने हाक मारली. आवाजात राग नव्हता, तेवढाच आवाज होता जेवढा बाकी सगळ्यांसाठी.

"नाना, तुम्ही बी उनात, बरं झायं. जेवाबिगर जावानं नई."

आपल्याच पुतणीच्या कार्यात नाना पाहुणे झाले. ते मान खाली घालून आत गेले आणि जेवायला बसले. हिलालने बोर्ड उचलला, तानुबाईच्या मागे स्टँडवर लावला, आणि मग कुठे खिशातला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.