आधी आवाज, मग दार

आमच्या ह्यांना अख्खी वस्ती 'थांबाकाका' म्हणते. खरं नाव शेजारणीला विचाराल तर तीही डोकं खाजवेल. हे लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आतली माणसं किंचाळायला लागली की ह्यांना फोन येतो. हे जातात आणि बंद दाराला तोंड लावून पहिला शब्द म्हणतात, "थांबा. मी आहे इथं." बाकी सगळं त्यानंतर.

लग्न झाल्यावर एकदा मी विचारलं होतं, "अहो, माणसं आत गुदमरतायत आणि तुम्ही गप्पा काय मारता? आधी दार उघडा की!" तर म्हणाले, "अगं, लिफ्टमध्ये हवा संपत नाही. माणसं जखमी होतात ती घाईनं. आतला घाबरून दार खेचतो, बाहेरचा मदत म्हणून खेचतो, तेवढ्यात लिफ्ट हलते. म्हणून आधी आवाज, मग मेन स्विच बंद, मग दार." आणि बाहेर काढलेल्या माणसाला हे कधीही झापत नाहीत. एवढे जण एकदम चढलात कशाला, असं एका शब्दानं नाही. पाणी देतात, बसवतात, हत्यारं आवरून घरी येतात.

मी अगदी उलटी. मी शिवणकाम करते, पुढच्या खोलीतच माझं दुकान आहे, आणि तोंड म्हणाल तर माझ्या मशीनपेक्षा जोरात चालतं. फिटिंग करताना तोंडात टाचण्या असतात, तेवढा वेळ काय ती शांतता. "टाचण्यांचे फार उपकार आहेत या घरावर," असं हे म्हणतात. म्हणोत बापडे.

आता त्या दुपारचं सांगते. बँकेतल्या बाई ब्लाउज शिवायला आल्या होत्या. त्यांना बाह्यांचे नवे नमुने बघायचे होते. दुकानात एक टॅब ठेवलेला आहे, मुलाच्या फोनचं आणि टॅबचं खातं एकच, तिकडे शोधलेलं इकडेही दिसतं. हा शहाणपणा माझाच, दोन दोन पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? मी 'बाह्या' लिहायला घेतलं. नुसता 'ब' टाकला, तर खाली भराभरा ओळी उतरल्या. आधी कोणीतरी शोधलेल्या, नको त्या व्हिडिओंच्या. पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरीपर्यंत माझे कान तापले. बँकेतल्या बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्या सरळ झाल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "मी उद्या येते हं." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरात तिघंच. मी नाही, आणि हे टॅबला हातही लावत नाहीत. राहिला आमचा शिडी. म्हणजे आमचा मुलगा. वर्षभरात इतका उंच झाला की बापानंच नाव ठेवलं, लिफ्टवाल्याच्या घरात शिडी. मिसरूड नुकतं फुटतंय. अजून मला बिलगून टीव्ही बघणारा माझा पोरगा, आणि हे? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ह्यांना फोन केला. हे कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होते. मी काय बोलले देव जाणे. हे एवढंच म्हणाले, "मी येतो. तोवर त्याला काही बोलू नकोस. थांब."

थांबते कसली! शिडी शाळेतून आला, दप्तर खाली टाकलं, "आई, खायला काय आहे?" म्हणाला. मी टॅब त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे? आं? लाज नाही वाटत? बाईंसमोर माझी अब्रू गेली!"

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आतल्या खोलीत गेला आणि कडी लावली.

मग मी दारावर थापा मारायला लागले. "उघड! उघड म्हणते ना! बाबा येऊ देत, मग बघ!" आतून काही नाही. रडणं नाही, उत्तर नाही, पलंग वाजल्याचाही आवाज नाही. तेव्हा माझा राग सरकन उतरला. काय करत असेल हा आत? कोवळं वय, तापलेलं डोकं. मी आणखी जोरात थापा मारल्या, आता रागानं नाही, भीतीनं. पण आतल्याला काय कळणार, थापा रागाच्या की भीतीच्या?

हे आले तेव्हा माझा तळहात लाल झाला होता. ह्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि माझं मनगट धरून हात दारावरून बाजूला घेतला. मी टॅब पुढे केला. "बघा तुमच्या लाडक्याचे प्रताप!" हे चष्मा लावून वाचायला लागले. मी तीन ओळींवर थांबले होते, हे शेवटपर्यंत वाचत गेले. मग टॅब माझ्याकडे वळवून तळाशी बोट ठेवलं.

'बघितल्याने काही आजार होतो का'. त्याच्या खाली, 'बघायची सवय कशी सोडायची'.

"अगं, घाबरलंय पोर," हे हळूच म्हणाले. "घाबरून विचारलं कुणाला, तर या पाटीला. आपल्याला नाही."

मी मटकन शिलाईच्या स्टुलावर बसले.

हे दारापाशी गेले, खाली फरशीवर बसले, दाराला पाठ लावून. आणि लिफ्टच्या बंद दारातून परक्या माणसांना म्हणतात तसंच म्हणाले, "थांब. मी आहे इथं."

ह्यांनी हत्यारांची पिशवी जवळ ओढली.

"दार उघडायची घाई नाही. मी ओरडणार नाही, मारणार नाही. आईपण नाही. तू ठीक आहेस एवढं फक्त सांग. नाहीतर दारावर टकटक कर."

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून एकदा, हलकेच, टक.

ह्यांनी डोळे मिटले. मी पदर तोंडात कोंबला.

"बाबा, तुम्ही जा इथून," आतून घोगरा आवाज आला.

"जातो. आधी तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर देतो. आजार होत नाही." ह्यांची मान लालबुंद झाली होती. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उगाच फिरवत होते. असल्या विषयावर हा माणूस आयुष्यात बोललेला नाही, माझ्याशीसुद्धा धड नाही. "या वयात असलं बघावंसं वाटणं म्हणजे तू वाईट झालास असं नाही. मलाही वाटायचं. तेव्हा फोन नव्हते, एवढाच फरक."

आत पलंग वाजला. मग, "आईनं कुणाला सांगितलंय का?"

"नाही आणि सांगणारही नाही. आपल्याकडून हे तिघांबाहेर जाणार नाही. तुझ्या मामाला नाही, आत्याला नाही." असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, बहिणीला फोन लावायला माझा हात शिवशिवत होता. मी मान डोलावली. हे म्हणाले, "आई हो म्हणतेय."

"मला कुणीतरी पाठवलं होतं," आतून आलं. "वर्गाच्या ग्रुपवर. मी आधी नाही बघितलं. मग बघितलं. मग रोजच... बाबा, काही काही तर घाण होतं. मारत होते त्यातल्या बाईला. मला झोप नाही येत."

मी पोराची अब्रू काढत होते आणि पोराला झोप येत नव्हती!

"ते नाटक असतं, शिडी," हे म्हणाले. "पैसे घेऊन केलेलं, कापून जोडलेलं. कधी कधी तर बळजबरीनंही करून घेतात. खरी माणसं तशी नसतात, त्यांची शरीरंही तशी नसतात. आणि खऱ्यात एकमेकांना विचारावं लागतं. समोरचा थांब म्हणाला की थांबायचं. त्यात कुणी थांबतं का? नाही. म्हणून ते बघून काही शिकू नकोस. शिकायचं असेल तर मला विचार. मला येत नसेल तर आपण डॉक्टरांना विचारू."

कडी वाजली. दार बोटभर उघडलं. हे उठले नाहीत, दाराला हातही लावला नाही. शिडी स्वतःच बाहेर आला आणि बापाशेजारी फरशीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. ह्यांनी पाण्याचा तांब्या सरकवला. झालं. त्या दिवशी आणखी एकही प्रश्न नाही.

माझं काय? मी त्याच्यासमोर जाऊन बसले. सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, एकही आठवेना. म्हणाले, "तुला लाज नाही का, असं मी म्हणाले ते चुकलं. मी घाबरले होते रे." त्यानं वर बघितलं नाही, पण उठूनही गेला नाही.

पुढचं सगळं काही सरळ झालं नाही. पहिले काही दिवस तो माझी नजर चुकवायचा, माझाही जीव फोन तपासायला तडफडायचा. हे म्हणाले, चोरून बघशील तर तो आणखी आत जाऊन बसेल. मग त्याच्यादेखत फोनला गाळणी लावली, म्हणजे नको ते अडवणारं फिल्टर, का लावतोय ते सांगून. "यातून सगळं गाळलं जात नाही," हेही ह्यांनीच त्याला सांगितलं. रात्री सगळ्यांचे फोन माझ्या मशीनशेजारी चार्जिंगला, माझाही. त्यावर मी आधी भांडले, मग ठेवला. आणि संध्याकाळी बापलेक चालायला जायचे. शेजारी शेजारी चाललं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, बोलता येतं, असं ह्यांचं म्हणणं. कधी कामाचं बोलायचे, कधी नुसतेच जाऊन यायचे. एकदा शिडीनं स्वतःच सांगितलं, पुन्हा बघितलं म्हणून. हे म्हणाले, "बरं. कधी बघावंसं वाटतं? एकटा असताना, की परीक्षा जवळ आली की?" झापलं नाही. मी असते तर झापलं असतं, खोटं कशाला बोलू! हळूहळू त्याची झोप परत आली. आली नसती तर समुपदेशकाकडे न्यायचं ठरवलंच होतं.

आणि परवाची गोष्ट. मी एका झग्याचा घेर टाचत होते. शिडी शाळेतून आला, दप्तर न टाकता तसाच उभा राहिला.

"आई, थांब," तो म्हणाला. "आधी ओरडू नकोस. पूर्ण ऐक."

मी घेर हातातून खाली ठेवला.

"ग्रुपवर एक फोटो आलाय. आमच्या वर्गातल्या मुलीचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चिकटवलाय. सगळे पुढे पाठवतायत. मी नाही पाठवला. ती दोन तास शाळेच्या बाथरूममध्ये कडी लावून बसली होती. वर्गाच्या बाईंना सांगायचंय, पण मला एकट्याला भीती वाटते. मुलं मला सोडणार नाहीत."

कोण ती पोरं, कुणाची आहेत, थोबाड फोडते एकेकाचं! हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर.

मी टाचण्या खोचायच्या छोट्या गादीतून चार टाचण्या काढल्या, ओठांत घट्ट धरल्या, आणि समोरचं स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं.

तो बसला आणि सांगायला लागला.