बाळाबाईच्या पट्ट्याचं जेवान

गडमुडशिंगीची बाळाबाई नवरा वारल्यावर एका म्हशीवर उभी ऱ्हायली. नव्वद-ब्याण्णव साल आसंल. त्या म्हशीच्या दुधावर पोरगा सम्राट शिकला, पुन्याला नोकरीला लागला. आता गोठ्यात दोन म्हशी, चंद्री आनि मोरी. पहाटं साडेतीनला उठून श्यान काढायचं, धारा काढायच्या आनि किटली घिऊन डेअरीवर चालत जायाचं. तीस वर्षांत डेअरीचं दूध एक दिस चुकलं न्हाई.

पाडव्याला सम्राटनं आईच्या मनगटाला एक काळा पट्टा बांधला. चाललेली पावलं मोजतो, झोप मोजतो म्हनं. त्यो आकडे पुन्यात बसून मोबाईलवर बघायचा. दोन महिन्यांनी आपल्या पोरीला, तेजस्वीला, घिऊन आला, त्यो डोस्क्यात राख घालूनच.

"आई, तू रात्री पाच तास बी झोपत न्हाईस. कायतरी मोठं दुखनं हाय तुला. म्हशी इकायच्या. चार वाजता हेडी, जनावरांचा दलाल, येतोय बघायला."

बाळाबाई गोठ्याकडं बघत म्हनली, "आरं, म्हशी गेल्यावर म्या दिसभर काय भिताडं बघू?"

"पुन्याला चल की."

"तिथं काय करू, लिफ्टात उभी ऱ्हाऊन?"

दुपारचं दोन वाजलं हुतं. सम्राट लेकीला म्हनला, "पट्ट्याची दोन महिन्याची फाईल काढ आनि त्या एआयला घाल. इचार, आजीला रोग कंचा झालाय. म्हंजे हिला पटंल."

तेजस्वीनं फाईल जोडली. प्रश्न लिवायच्या आत तिचा अंगठा लागला, फाईल तशीच गेली. "आवं पप्पा, प्रश्नच न्हाई गेला!"

पन उत्तर आलं. तेजस्वी मोठ्यानं वाचाय लागली.

"तुम्ही फाईलसोबत प्रश्न लिहिलेला नाही, म्हणून आत काय दिसतं तेवढंच सांगतो. एकसष्ट दिवसांची नोंद आहे. रात्रीची झोप सरासरी चार तास पन्नास मिनिटं. साधारण सव्वादहा ते साडेतीन, दोन्ही महिन्यांत जवळपास सारखीच. पावलं पहिल्या महिन्यात रोज सुमारे नऊ हजार शंभर, दुसऱ्या महिन्यात सहा हजार तीनशे. एक गोष्ट लक्षात घ्या. सत्तावन्न दिवस दुपारी एक ते तीन काहीच नोंद नाही. कदाचित पट्टा हातात नसेल. उरलेल्या चार दिवशी त्याच वेळेत सव्वा तासाची झोप दिसते. म्हणून दिवसाची एकूण झोप किती, हे या फाईलवरून कळत नाही. हे आकडे चांगले की वाईट, तेही मी ठरवत नाही. तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे?"

सम्राट उठूनच बसला. "दुपारी पट्टा कुठं आसतो, आई?"

"चार्जिंगला. मी जेवल्यावर त्यानं बी जेवाय नको व्हय? त्यो भिताडाला लटाकतो, मी गोठ्याम्होरं बाजल्यावर आडवी हुते."

"रोज? आगं, आठवड्यातनं एकदा बास हाय!"

"मला कुनी सांगितलं? लाईट गेलती ते चार दिस तेवढा त्यो उपाशी ऱ्हायला."

तेजस्वी खो खो हासली. पन सम्राटनं आपल्या हातानं लिवलं, रोग कंचा हाय. उत्तर आलं, "ते फाईल सांगत नाही आणि त्यावरून मी अंदाज बांधणंही बरोबर नाही. पावलं का कमी झाली, हे त्या माणसालाच विचारा. काही त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ही नोंद सोबत न्या."

सम्राट आईकडं वळला. आवाज उतरला हुता. "पावलं का कमी झाली, आई?"

बाळाबाई लुगड्याचा पदर नीट करत बसली. मग म्हनली, "उजवा गुडघा धरतोय. महिना झाला. डेअरीला आता शेजारच्या आकारामच्या गाडीवर बसून जाती. तुला सांगितलं आसतं तर तू म्हशी इकल्या आसत्यास."

"आनि न सांगता बी इकाय लागलोच हुतो की," सम्राट म्हनला. त्यालाच हसू आलं.

त्यानं हेडीला फोन लावला. "पावनं, आज येऊ नगासा. आदी आईचा गुडघा दावतो, मग म्हशींचं बघू."

"मग बघू न्हवं!" बाळाबाई मधीच वराडली. "इकायच्या का न्हाई ते मी ठरवनार!"

"बरं, तू ठरीव. पन उद्या सकाळी डाक्टरकडं यायचं."

"धारा काढून येती."

"किटली मी नेतो डेअरीला."

"तू? सांडशील," म्हनत बाळाबाई बाजल्याकडं निघाली. सवयीनं हात पट्ट्याकडं गेला. तेजस्वी म्हनली, "आजी, ऱ्हाऊ दे हातात."

"ऱ्हायला. आज उपाशी झोपू दे माझ्यासंगं," आसं म्हनून तिनं कूस बदलली. मोरी रवंथ करत हुती.