घोंगडं आणि धोतर

वडील एप्रिलमध्ये संध्याकाळी गेले. मोठा भाऊ फौजेत, बेळगावला होता. पौडहून ट्रंककॉल लावला, तर त्याचं एकच म्हणणं, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो, तोंड बघू द्या. म्हणून सकाळी दुधाच्या जीपनं पुण्याहून बर्फ मागवला. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

मी बर्फ फोडून वडिलांच्या दोन्ही अंगांना रचला आणि वर त्यांचंच काळं घोंगडं टाकलं. आईनं ते बघितलं मात्र, उठून ओढूनच काढलं.

"आरं, घोंगडं गरम हाय! बर्फ टिकंल का त्याच्याखाली? ह्ये बघ, हात लाव." तिनं एक तळवा घोंगड्यावर आणि दुसरा वडिलांच्या धुतलेल्या धोतरावर ठेवला. "धोतर कसं गार लागतंय."

बसलेले सगळे म्हणाले, व्हय, खरं हाय. मग धोतर पसरलं गेलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. हाच धडा नुकताच झाला होता. एकाच खोलीत पडलेलं धोतर आणि घोंगडं सारखंच गार किंवा गरम असतं. सपाट सुती कापड हाताला नीट चिकटतं आणि हाताची ऊब भराभर ओढून घेतं, म्हणून गार लागतं. लोकरीच्या कुरळ्या केसांत हवा अडकून बसते. त्या हवेतून उष्णता फार हळू जाते, म्हणून हाताची ऊब हातातच राहते आणि आपण म्हणतो, लोकर गरम. घोंगडं स्वतः काही तापवत नाही, नुसतं अडवतं. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची आतही येऊ देत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात व्यवस्थित चालू होतं. पोरांना सांगताना माझा आवाज व्हरांड्यापर्यंत जायचा. त्या दिवशी तोंड उघडावंसंच वाटलं नाही. आईशी कोण वाद घालणार, असं मनाशी म्हणालो आणि भिंतीला टेकून बसलो.

धोतर लगेच भिजलं, अंगाला आणि बर्फाला चिकटलं. ओलं कापड तर उष्णता आणखीच लवकर आत सोडतं. दुपारी तीनपर्यंत खोलीतून ओसरीपर्यंत पाणी आलं. खोलीत वास सुटू लागला. जाणती माणसं म्हणाली, आता थांबता येणार न्हाई. अग्नी मी दिला.

भाऊ सहाच्या एसटीनं उतरला. गणवेशातच होता. रिकाम्या खोलीकडे बघत राहिला. आई त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, "लई केलं रं, पर बर्फच टिकला न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "का रं? दिवसभर बी टिकला न्हाई?"

"ऊन फार होतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता.