दुपारी हिरवा, सकाळी आजारी

आमच्या ऑफिसात हिरव्या रंगाची फार भक्ती चालते. ऑस्ट्रेलियात, सिडनीतल्या पॅरामॅटाच्या त्या काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर भिंतीला मोठा स्क्रीन आहे. त्यावर सोलर प्लांटचे सगळे इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घेऊन पुढे तारांत सोडणारी यंत्रं, छोट्या चौकोनांत मांडलेले. चौकोन हिरवा म्हणजे सगळं बरं, पिवळा म्हणजे बघा जरा, लाल म्हणजे पळा. महिनाभर सगळे हिरवे राहिले की शुक्रवारी पिझ्झा. मी ऑलिव्ह बाजूला काढून मुकाट्याने खायचे. आता वाटतं, कसला पिझ्झा खात होतो आम्ही!

माझं शिक्षण बारावी. क्वेकर्स हिलला राहायला आल्यावर आधी बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंग केलं, मग डेटा एन्ट्री. स्प्रेडशीट मी लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकले. मुलगी म्हणायची, "आई, जस्ट वॉच अ व्हिडिओ." व्हिडिओवाला पोरगा फार भराभर बोलायचा, पुस्तक थांबून राहतं. अशी शिकत शिकत मी या कंपनीत मॉनिटरिंगला बसले. सकाळी आकडे बघायचे, तक्त्यात टिक करायची, खाली सही करायची. गेली सहा वर्षं तेच करतेय, आणि साठी ओलांडली तरी कोणी उठवलेलं नाही.

काम काय ते सांगते, त्यात गूढ काही नाही. चार वाट्या कणीक मळली की पोळ्या किती होणार ते घरातल्या बाईला माहीत असतं. कमी भरल्या तर कुठेतरी काहीतरी झालंय. सोलरचंही तसंच. प्लांटमध्ये ऊन मोजणारं यंत्र बसवलेलं असतं. किती ऊन पडलं, पॅनल किती तापले, एका इन्व्हर्टरला किती पॅनल जोडलेत, यावरून त्याने किती वीज द्यायला हवी ते निघतं. ती अपेक्षा. इन्व्हर्टरने खरंच दिली ती जमा. जमेला अपेक्षेने भागायचं. भागाकार महिन्या-महिन्याने उतरत गेला, तर त्या इन्व्हर्टरच्या मागचे पॅनल मरायला लागलेत असं समजायचं. एकेक पॅनल मरतो तेव्हा आवाज होत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

आमचा मॅनेजर पुण्याचा. हुशार, केलीव्हिलला दुमजली घर, मोठ्या युनिव्हर्सिटीची डिग्री. किचनमध्ये चहा करताना मला काकू म्हणतो, मीटिंगमध्ये इथल्या पद्धतीने मेट, म्हणजे दोस्त, म्हणतो. मला दोन्ही चालतं. पण तो स्क्रीन त्याने स्वतः घडवला होता, आणि स्वतः घडवलेल्या देवावर माणसाची श्रद्धा जरा जास्तच असते.

प्लांट पश्चिमेला, गाडीने सहा तासांवर. तिथे पॅनलांच्या मागे-पुढे फिरणारा एकच माणूस, एक म्हातारा टेक्निशियन. तिथल्याच गावचा, आयुष्यभर विजेच्या तारांत काम केलेला. मला फोनवर लव्ह म्हणतो. पहिल्यांदा दचकले होते, मग कळलं की तो दुकानातल्या बाईलाही तेच म्हणतो.

मार्चमध्ये त्याने रिपोर्टात लिहिलं, की चौदा नंबरच्या इन्व्हर्टरच्या रांगांत काही पॅनलच्या मागची डबी तपकिरी पडलीय आणि जवळ गेलं की जळका वास येतो. मॅनेजरने स्क्रीनवर चौदा नंबर बघितला. हिरवा. मग त्याने रिपोर्टाच्या कडेला एक शब्द लिहिला, ॲनेक्डोटल. म्हणजे गावगप्पा. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक. पण हिरव्या चौकोनांवरून त्याच्या डोक्यात पुढची कल्पना निघाली: सगळं स्क्रीनवर दिसतंय, तर दररोज फिरणारा माणूस हवा कशाला? तीन महिन्यांतून एकदा बाहेरची टीम पाठवू. म्हाताऱ्याचं कंत्राट एप्रिलअखेरीस संपत होतं, ते वाढवायचं नाही असा प्रस्ताव झाला. शुक्रवारी प्लांटच्या मालकांसमोर मीटिंग, तिथे शिक्कामोर्तब व्हायचं.

मंगळवारी म्हाताऱ्याचा मला फोन आला. तक्रार केली नाही. बायकोच्या गुडघ्याचं सांगितलं, पाऊस नाही म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "लव्ह, तुझ्या मशीनला काय दिसतं मला माहीत नाही. चौदाला एकदा नीट बघ. मला या वयात या गावात दुसरं काम मिळणार नाही."

मला लाज वाटली. कारण चौदा नंबरवर दररोज माझी सही होती. चौकोन हिरवा, टिक, सही, चहा. वर्षभर! सांगतेच आहे तर स्वतःला सोडून कशाला सांगू?

त्या दिवशी मी चौकोन सोडला आणि चौदाचा पूर्ण दिवसाचा आलेख काढला, सकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. स्वच्छ उन्हाचे दिवस तेवढे निवडले, ढगांनी गोंधळ नको. आलेख सकाळी चढतो, दुपारी टेबलासारखा सपाट होतो, संध्याकाळी उतरतो. तो सपाट का? इन्व्हर्टरची एक मर्यादा असते, त्यापुढे तो वीज सोडतच नाही. आणि पॅनल मुद्दाम त्या मर्यादेपेक्षा जास्तीचे लावलेले असतात. बादली भरून वाहत असली की नळाची धार बारीक झालीय हे कळतं का कोणाला? तसं. पाच-दहा पॅनल मेले तरी दुपारी उरलेले बादली भरतातच.

मग मी गेल्या एप्रिलचा आलेख त्यावर ठेवला. टेबलाची उंची तीच, पण रुंदी कमी झालेली. चौदा नंबर मर्यादेला उशिरा पोचत होता आणि लवकर खाली येत होता. शेजारच्या तेरा नंबरचं टेबल होतं तेवढंच होतं. सकाळी नऊचा भागाकार काढला, तर चौदाचा दर महिन्याला थोडा थोडा घसरलेला. तेराचा जागच्या जागी.

मग स्क्रीनला हे का दिसलं नाही? ते शोधायला बुधवार गेला, आणि सापडलं तेव्हा मी खुर्चीतच हसत सुटले. मॅनेजरने हिशेबात चाळणी लावली होती: ऊन कडक असेल तेवढेच तास धरायचे. कोवळ्या उन्हात आकडे जरा हलतात, ते त्याला घाणेरडे वाटायचे. स्क्रीन कसा स्वच्छ पाहिजे! म्हणजे पॅनलचं दुखणं ज्या तासांत दिसतं नेमके तेच तास चाळून फेकले, आणि ज्या तासांत बादली वाहते ते ठेवले. वर अपेक्षेलाही इन्व्हर्टरचीच मर्यादा घातलेली. जमा मर्यादेएवढी, अपेक्षा मर्यादेएवढी, भागाकार पूर्ण एक. हिरवा! हे म्हणजे ताप संध्याकाळी चढत असला तरी डॉक्टरने सकाळीच थर्मामीटर लावायचा आणि पेशंटला ठणठणीत म्हणून घरी पाठवायचा. असली चूक करायला खरोखर मोठी युनिव्हर्सिटी लागते. बारावीवालीला एवढं नीटनेटकं चुकता येत नाही.

गुरुवारी किचनमध्ये त्याला गाठलं. आलेख समोर ठेवला. तो चहाची पिशवी पिळत म्हणाला, "काकू, सकाळी रांगांच्या सावल्या पडतात. हे शेडिंग आहे."

मी म्हटलं, सावली तेरावर पडत नाही का? आणि सावली काय वर्षभर महिन्याला थोडी थोडी वाढत जाते? प्लांटमधले सगळे पॅनल एकाच कोनात, उत्तरेकडे तोंड करून उभे आहेत. गेल्या एप्रिलची सावली या एप्रिलला तीच पडणार.

मग म्हणाला, धूळ असेल. मी म्हटलं, धूळ काय नंबर वाचून बसते?

मग म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. हे वाक्य आमच्याकडे फार चालतं. त्याचा अर्थ, तुम्ही आता जा.

मी गेले नाही. शुक्रवारी मीटिंगला माझं काम नव्हतं, मी बिस्किटांचा डबा घेऊन आत शिरले आणि बसले. मालकांकडची बाई व्हिडिओवर होती, कानात मोठे हेडफोन. मॅनेजरने हिरवा स्क्रीन दाखवला, साइटवर दररोज माणूस कसा गरजेचा नाही ते सांगितलं, शब्द फार सुंदर वापरले. मी हात वर केला. तो म्हणाला, "मेट, प्रश्न शेवटी घेऊ." त्या बाईने मात्र विचारलं, त्या काय म्हणतायत?

मी दोन कागद कॅमेऱ्यासमोर धरले. गेल्या वर्षीचं टेबल, या वर्षीचं टेबल. बादलीचं सांगितलं. माझं इंग्रजी असं काही थोर नाही, पण बादली सगळ्यांना कळते. आणि हेही सांगितलं, की वर्षभर मी स्वतः या इन्व्हर्टरवर टिक केलीय, ती चूक माझीसुद्धा आहे.

त्या बाईने कागद आणखी जवळ धरायला सांगितले. मग म्हणाली, "पॅनलपाशी जाऊन कोणी बघितलंय का?"

मॅनेजर पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. मी म्हटलं, बघितलंय. मार्चमध्येच. ज्या माणसाला तुम्ही आज काढताय त्याने. त्याचा रिपोर्ट तुमच्या फोल्डरमध्ये आहे, कडेला गावगप्पा लिहिलंय.

ती म्हणाली, त्यालाच उद्या पाठवा, तोवर कंत्राटाचं काही ठरवू नका.

शनिवारी दुपारी कडक ऊन असताना म्हातारा उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन चौदाच्या रांगांत फिरला. फोटो माझ्या फोनवर आले. पॅनल सगळा थंड निळसर, आणि त्याच्या एका बाजूची, तीनातली एक अख्खी पट्टी तापून लाल. मागच्या डबीतला डायोड जळून गेला की पॅनलचा तेवढा तिसरा भाग कामातून जातो, ऊन खातो आणि वीज देत नाही, म्हणून तापतो. असे एक नाही, एका रांगेत अकरा सापडले, मग दुसऱ्या रांगेत आणखी. त्यातल्या दोन डब्या तर वितळायला आल्या होत्या, आणि खाली वाळलेलं गवत. मी ते फोटो बघितले आणि पाण्याचा ग्लास घेऊन बसले.

सोमवारी पॅनल बदलायची ऑर्डर गेली. म्हाताऱ्याचं कंत्राट वर्षभर वाढवायचं ठरलं. मॅनेजरने सगळ्यांना ईमेल लिहिला, की आमच्या डेटा टीमने दोष लवकर पकडला. लवकर! वास मार्चमध्ये आला होता. मेलमध्ये म्हाताऱ्याचा उल्लेख साइट रिसोर्स असा होता. जसं काही ट्रॅक्टरच.

मी फोन करून म्हाताऱ्याचं अभिनंदन केलं. तो हसला. म्हणाला, "लव्ह, मी सही करेन, पण एका अटीवर. तुझ्या रोजच्या तक्त्यात माझ्यासाठी एक रकाना टाक. भागाकाराच्या शेजारीच. मी जे डोळ्याने बघतो आणि नाकाने हुंगतो ते तिथे लिहिणार, कडेला नाही."

मॅनेजर म्हणाला, तक्त्याचा फॉरमॅट बिघडेल. मी म्हटलं, बिघडू दे. रकाना त्याच दुपारी टाकला. चाळणी मात्र अजून तशीच आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये निघणार म्हणे. त्यामुळे स्क्रीन अजून रोज हिरवागार असतो आणि मी रोज हाताने सकाळी नऊचा भागाकार काढते.

मंगळवारी म्हाताऱ्याने रकान्यात पहिली ओळ लिहिली: एकवीस नंबर, तिसरी रांग, वास येतोय. भिंतीवर एकवीस हिरवा होता. मी सही केली नाही, आलेख उघडला.