तायडे मॅडमची शांत शिकवणी

अकोल्यात आमच्या सोसायटीचा सचिव होणं म्हणजे लष्कराच्या भाकरी भाजणं. पण दीक्षा तायडे मॅडमचा अर्ज आला, तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, हे काम मनापासून करावं.

मॅडम जन्मभर गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. "चार वाजले की घर खायला उठतं हो," मला म्हणाल्या होत्या. अर्जात लिहिलं होतं: स्वतःच्या फ्लॅटमध्ये रोज चार ते सहा शिकवणी, एका वेळी आठच मुलं. चपला घरात, सायकली मागच्या भिंतीशी, प्रत्येकाचं नाव गेटवरच्या वहीत. पालक फाटकाबाहेर थांबतील, हॉर्न वाजवणार नाहीत. आणि शेवटी: "आधी एकदा ऐकून पाहावं."

म्हणून कमिटीची सभा चार वाजता पार्किंगमध्ये ठेवली. वर मुलं आलेली. त्यांना गणितं देऊन मॅडम खाली येऊन बसल्या, पदर बोटाला गुंडाळत.

मॅडमच्या फ्लॅटच्या अगदी खाली राहणारे शालिकरामभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दुपारची झोप त्यांना जिवापेक्षा प्यारी.

"माझ्या डोक्शावर पोट्टे नाचतीन, मंग मी झोपू कवा?"

"भाऊ, माझ्यासमोर पोट्टे नाचत नाहीत."

"तुमी खाली बसल्या आहा ना आता!"

सगळे हसले. शेवटी ठरलं की भाऊंनी घरी जाऊन नेहमीसारखं आडवं व्हावं आणि स्वतःच्या कानांनी ऐकावं.

ते गेले आणि इकडे सभा पेटली. अध्यक्ष सूर्यभानजी म्हणाले, लिफ्ट झिजेल. रागिणीताई म्हणाल्या, मुलं जिन्यानं जातील. कोणी म्हणालं, आज शिकवणी, उद्या ब्युटी पार्लर. मीही टेबलावर हात आपटला. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

इतक्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीत भाऊ आले, बनियनवर, केस विस्कटलेले.

"काहून बोंबलून राहिले रे तुमी? वरतून टाचणीचा आवाज नाही, अन् खालतून बाजार भरला!"

मी टेबलावरचा हात हळूच मागे घेतला. मग सूर्यभानजीच पहिले खो खो हसले.

ठराव मी तिथंच लिहिला: अर्जातल्या अटींवर तीन महिने परवानगी, तक्रार आल्यास फेरविचार. गॅलरीतून भाऊंनी एक अट वाढवायला लावली: चार ते सहा कमिटीची सभा घ्यायची नाही. तीही एकमतानं मंजूर झाली.

मॅडमनी सगळ्यांना हात जोडले आणि साडी सावरत अक्षरशः धावत जिना चढल्या. मग वरून आठ गळ्यांचा असा जल्लोष उठला की भिंतीवरची कबुतरं उडाली.

आम्ही धसकून भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान वर करून नीट ऐकून घेतलं.

"आजच्या दिवस चालते," ते म्हणाले, आणि झोपायला आत गेले.