टोक कुणीकडे सरकलं

कॉलेजात त्यांना सगळे काटकोन म्हणायचे. तोंडावर सर, पाठीमागे काटकोन. चालणं सरळ, भांग सरळ, फळ्यावरची रेघसुद्धा पट्टीशिवाय सरळ. स्ट्रक्चर्स, म्हणजे इमारती-पुलांच्या सांगाड्यांचा हिशोब, हा विषय त्यांनी केस काळे होते तेव्हापासून शिकवला आणि पांढरे झाले तरी शिकवत राहिले. पोरं त्यांना टरकून असत, कारण त्यांची जीभ वस्तऱ्यासारखी चाले. "तुझं डोकं मान सोडून दुसऱ्याच कुठल्या नोडला जोडलंय का रे," असं ते भर वर्गात विचारत. नोड म्हणजे सांगाड्यातला सांधा, त्यामुळे वर्ग खिदळे. ज्याला विचारलं तो मान खाली घालून बसे.

त्यांचा खास धडा म्हणजे तिरका मेंबर, सांगाड्यातली तिरकी दांडी. आडवा आणि उभा मेंबर सोपा, त्यांचे तक्ते तयार असतात, ते उतरवायचे. पण मेंबर तिरका असला की त्याची ताठरता, म्हणजे के नावाची आकड्यांची चौकट, मॅट्रिक्स, त्याच्या स्वतःच्या अक्षांत मांडलेली असते, लांबीच्या दिशेने आणि लांबीला आडवी. आख्ख्या फ्रेमचा हिशोब मात्र जमिनीच्या अक्षांत चालतो. म्हणून ती मॅट्रिक्स फिरवून घ्यावी लागते. फिरवणारी मॅट्रिक्स टी. ती जमिनीच्या अक्षांतलं सरकणं घेते आणि मेंबरच्या अक्षांत करून देते. तिच्यात कोसाइन, साइन, उणे साइन, पुन्हा कोसाइन, आणि वळणाच्या जागी नुसता एक, कारण वळण कुठल्याही अक्षातून बघा, तेवढंच राहतं. परत जमिनीच्या अक्षांत यायला तिचीच ट्रान्सपोज, म्हणजे आडव्या ओळी उभ्या केलेली टी. सरांनी यासाठी एक चालीवरचं वाक्य केलं होतं. "आधी टी, मग के, मग टी-ट्रान्सपोज." हाताने हवेत तीन टप्पे टाकत ते म्हणायचे आणि त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे, फळ्यावर लिहायचे. पोरांच्या कित्येक बॅचा ते वाक्य घोकून बाहेर पडल्या.

परीक्षेत ते नेहमी तेवढंच विचारत: तिरक्या मेंबरची मॅट्रिक्स जमिनीच्या अक्षांत मांडा. पुढे सोडवायला वेळ पुरत नाही म्हणून सोडवून कधी घेतलं नाही. या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी पुढचंही विचारलं. एक दांडी, बुडाशी पक्की, उजवीकडे तिरकी वर गेलेली. टोकाला वजन. टोक किती आणि कुणीकडे सरकेल?

सगळ्यांचं उत्तर आलं: खाली आणि डावीकडे. सरांच्या नमुना उत्तरातही तेच. एकीचं तेवढं आलं खाली आणि उजवीकडे. ती या विषयात एकदा नापास झालेली, आता दुसऱ्यांदा बसलेली. एका बांधकाम कंपनीने तिला घेतलं होतं, पण हा विषय सुटला तर. सरांनी तिची मॅट्रिक्स बघितली, पहिल्याच पायरीला चिन्हं वेगळी दिसली आणि सबंध प्रश्नावर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, "दांडी उलटी, डोकंही उलटं." तेवढ्या प्रश्नाने ती पुन्हा नापास झाली.

ती पेपर घेऊन केबिनमध्ये आली. रडत नव्हती. रडली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

"सर, मला हे कुठे चुकलं ते कळत नाही."

"पहिल्याच ओळीत. मी काय शिकवलं? आधी टी."

"आधी टीच लावलाय, सर. सरकण्याला. म्हणून तो उजव्या टोकाला लिहिला, सरकणं तिथेच असतं ना. मग के. मग बळं परत जमिनीच्या अक्षांत आणायला टी-ट्रान्सपोज, तो डावीकडे."

"म्हणजे तू उजवीकडून डावीकडे लिहितेस."

"गुणाकार तसाच होतो ना, सर."

सर हसले. ते हसणं वर्गातलं होतं, समोर वर्ग नसतानाही. "अगं बाई, आकडेमोड राहू दे. वजन ठेवल्यावर टोक पुढे पळेल की मागे बुडाकडे येईल? साधं कळत नाही? चल, दाखवतो."

प्रयोगशाळेत तेव्हा दुसऱ्या एका वर्गाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. सरांना ते बरंच वाटलं. बघायला माणसं असली की त्यांना हुरूप यायचा. त्यांनी लांब, पातळ स्टीलची पट्टी घेतली, बुडाशी शिकंज्यात आवळली, उजवीकडे तिरकी. मागे पाटी उभी केली आणि पट्टीच्या टोकापाशी खडूने उभी रेघ ओढली. "बघा रे सगळे," ते म्हणाले. "या बाईसाहेबांच्या मते टोक रेघेच्या उजवीकडे जाणार."

पोरं जमली. कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी टोकाला दोऱ्याने वजन अडकवलं आणि हात सोडला.

पट्टी वाकली. टोक खाली गेलं आणि रेघ ओलांडून उजवीकडे गेलं.

सरांनी वजन काढलं. टोक रेघेवर परत आलं. पुन्हा लावलं. पुन्हा उजवीकडे. त्यांनी शिकंजा ढिला आहे का बघितलं, पाटी हलली का बघितलं. मग बघायला काही उरलं नाही. पट्टी तिच्या लांबीला आडवी वाकणार, आणि उजवीकडे झुकलेल्या पट्टीला आडवं म्हणजे खाली आणि उजवीकडेच. शेंबड्या पोरालाही दिसावं असं होतं ते.

कुणीच हसलं नाही. एरवी त्यांनीच हसायची सवय लावलेली पोरं, आणि आज ती शहाण्यासारखी आपापल्या टेबलाकडे निघून गेली. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या जणांना त्यांनी मान खाली घालायला लावली होती, पण खाली घातलेल्या मानेला जमीन किती जवळून दिसते ते त्यांना आत्ता कळलं.

केबिनमध्ये येऊन त्यांनी दोन्ही क्रमांनी मॅट्रिक्स मांडली. आकडे सगळे तेच. दोन्ही मॅट्रिक्स सममित, म्हणून चूक कधी नजरेत आली नव्हती. आडवं सरकणं उभ्या सरकण्याशी किंवा वळणाशी जोडणाऱ्या जागांची चिन्हं तेवढी उलट. त्यांच्या क्रमाने लिहिलं की दांडी वर जाणारी न राहता खाली जाणारी होत होती. करण्याचा क्रम बरोबर होता. लिहिताना तो उजवीकडून सुरू व्हायला हवा होता. ते वाक्य बोलताना खरं होतं आणि फळ्यावर खोटं, आणि त्यांनी इतकी वर्षं दोन्ही एका दमात केलं होतं.

ती मागोमाग येऊन दाराशी उभी होती.

"पूर्ण मार्क," सर म्हणाले. "पत्र आजच कार्यालयात देतो."

"हो, सर."

"ते शेजारी लिहिलंय ते..." त्यांनी पेपर ओढून घेतला आणि ती ओळ खोडायला लागले. खोडल्यावर ती जास्तच ठळक दिसायला लागली.

"राहू दे, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागापेक्षा ते सोसायला जड होतं.

ती गेल्यावर त्यांनी पत्र लिहिलं, सही केली आणि उठले. कार्यालय डावीकडे होतं. उजवीकडच्या वर्गात त्यांचाच एक जुना विद्यार्थी, आता मास्तर झालेला, खालच्या वर्गाला तोच धडा शिकवत होता. दार उघडं होतं. आतून आवाज येत होता, "आधी टी, मग के, मग टी-ट्रान्सपोज," आणि खडूचे तीन ठोके. मग कुणाला तरी तो म्हणाला, "तुझं डोकं कुठल्या नोडला जोडलंय रे?" वर्ग खिदळला.

सरांनी पत्र खिशात ठेवलं. मग दारात गेले.

"सर? या ना," तो पटकन खडू खाली ठेवत म्हणाला. सगळी पोरं उभी राहिली.

"बसा," सर म्हणाले. "आणि ज्याला आत्ता विचारलं ना, तू पण बस. खडू दे रे मला. फळ्यावर चुकलंय. तुझं नाही, माझं."